अदलाबदल का अडते?

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एका संगीत नाट्यगृहातील झेली नावाची गायिका जगाच्या सफरीवर निघाली असता पॅसिफिक महासागरातील सोसायटी बेटांवर तिने गायनाचा एक जलसा केला. उत्पन्नाचा एक तृतीयांश हिस्सा तिला मिळावा, असा करार झाला होता. जलसा रंगला, श्रोतेही भरपूर जमले आणि कराराप्रमाणे गायिकेचा हिस्सा तिच्यापुढे आणून ठेवण्यात आला. त्यात तीन डुकरे, तेवीस टर्की पक्षी, चव्वेचाळीस कोंबड्या आणि पाच हजार नारळ होते. शिवाय केळी, लिंबे व संत्री यांच्या राशी होत्याच. पॅरिसच्या बाजारात या मालाचे सुमारे ४००० फ्रँक आले असते. पाच गाण्यांची ही बिदागी मुळीच कमी नव्हती. परंतु बेटावर तो माल विकत घेण्याइतका पैसा कोणापाशी नव्हता आणि गायिकेला तो एकटीला खाऊन संपविणे शक्य नव्हते. शेवटी डुकरे व कोंबड्या जगविण्यासाठी तिला आपल्या बिदागीतील फळे त्यांनाच खाऊ घालावी लागली.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८७५ साली पैशावर लिहिलेल्या ग्रंथाचा आरंभ या हकिकतीने केला आहे, तो केवळ करमणुकीसाठी नव्हे. पैशाची चार कार्ये प्रत्येक पाठ्यपुस्तकात दिलेली असतात: पैसा हे विनिमयाचे साधन आहे, मूल्य मोजण्याचे माप आहे, मूल्य साठविण्याचे साधन आहे आणि पुढे द्यावयाच्या देण्याचे परिमाण आहे. विद्यार्थी ही यादी पाठ करतो; पण पैसा नसता तर नेमके कोठे अडले असते, हे त्याच्या ध्यानात येतेच असे नाही. झेलीच्या हकिकतीत ते अडणे डोळ्यांना दिसते. तिला मिळालेल्या वस्तू मौल्यवान होत्या, पण त्या पुढे कोणाला देऊन हवे ते घेता येत नव्हते. त्या टिकणाऱ्या नव्हत्या आणि बरोबर नेण्याजोग्याही नव्हत्या. शिवाय तिच्या गाण्याची किंमत किती झाली, हे सांगण्यासाठीदेखील पॅरिसच्या फ्रँकांचा आधार घ्यावा लागला.

वस्तूच्या बदल्यात वस्तू देण्याची पहिली अडचण जेव्हन्सने नेमक्या शब्दांत मांडली. ती म्हणजे परस्परांच्या गरजांची गाठ पडणे. कोष्ट्याला तेल हवे आहे एवढ्याने भागत नाही. ज्या तेल्यापाशी तेल आहे, त्याला त्याच वेळी लुगडे हवे असले पाहिजे. तेल्याला लुगडे नको असून मडकी हवी असतील, तर कोष्ट्याने आधी कुंभार गाठावयाचा, त्याला लुगडे द्यावयाचे आणि मग मडकी घेऊन तेल्याकडे यावयाचे. कुंभारालाही लुगडे नको असेल, तर ही साखळी आणखी लांबते. त्यातच लुगड्याची किंमत घागरभर तेलाइतकी आणि गरज मात्र पावशेर तेलाची, असे झाल्यास लुगडे फाडून त्याचा तुकडा देता येत नाही. फाडलेल्या लुगड्याची किंमत त्या तुकड्यांच्या बेरजेइतकी राहत नाही.

दुसरी अडचण त्या मानाने कमी दिसते, पण ती अधिक खोल आहे. बाजारात दहा वस्तू असतील आणि पैसा नसेल, तर प्रत्येक वस्तूचा भाव बाकीच्या नऊ वस्तूंत वेगवेगळा सांगावा लागतो. एकंदर ४५ भाव होतात. वस्तू शंभर असल्या, तर भावांची संख्या ४९५० वर जाते. तेवढे भाव ध्यानात ठेवणे कोणालाही शक्य नाही. मात्र त्या शंभरांपैकी एकच वस्तू माप म्हणून सर्वांनी मानली, की उरलेल्या ९९ वस्तूंचे ९९ भाव पुरेसे होतात आणि कोणत्याही दोन वस्तूंची तुलना त्यांवरून करता येते.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातील खेड्यांत पिढ्यान् पिढ्या सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांना धान्यच मिळत असे. रोख पैसा क्वचितच दिसे. मग तेथे हा घोटाळा का झाला नाही? याचे कारण असे की, बलुतेदारी ही मुळी अदलाबदल नव्हतीच. सुताराने नांगर दुरुस्त केला, की लगेच त्याच्या बदल्यात काय द्यावयाचे याची घासाघीस होत नसे. वर्षभर काम होई आणि सुगीत खळ्यावर वहिवाटीने ठरलेला वाटा मिळे. गरजांची गाठ पडण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. कारण दोघे एकमेकांना ओळखत होते, पुढच्या वर्षीही तेथेच राहणार होते आणि प्रत्येकाचा हक्क गाव जाणत होते. म्हणजे पैशाचे काम तेथे ओळख व वहिवाट करीत होती. गाडी, घोडा किंवा गलबत घेऊन जो परका व्यापारी येई, त्याच्याशी ही रीत चालत नसे. त्याला नाणेच द्यावे लागे. तेव्हा अदलाबदल अडते, ती विशेषतः परस्परांवर कायमचा भरवसा नसलेल्या माणसांमध्ये.

अशी माणसे एकत्र आणावीत, त्यांना वस्तू द्याव्यात, पैसा मात्र देऊ नये आणि काय होते ते पाहावे, असा प्रयोग कोणी मुद्दाम करणार नाही. परंतु दुसऱ्या महायुद्धाने तो घडवून आणला. आर. ए. रॅडफर्ड हा तरुण इंग्रज अर्थशास्त्रज्ञ इटलीत व नंतर जर्मनीत युद्धकैदी म्हणून राहिला. सुटून आल्यावर त्याने छावणीतील अर्थव्यवहारांवर एक लेख लिहिला. तो १९४५ च्या नोव्हेंबरात ‘इकॉनॉमिका’ या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. पैशाचे कार्य समजून घेण्यासाठी त्याच्याइतके सोपे व विश्वसनीय साधन दुसरे क्वचितच सापडेल.

छावणीत उत्पादन जवळजवळ नव्हते. रेडक्रॉसकडून प्रत्येक कैद्याला सारखेच पार्सल मिळे. त्यात डबाबंद दूध, जॅम, लोणी, बिस्किटे, डबाबंद गोमांस, चॉकलेट, साखर असे पदार्थ असत आणि सिगारेटी निराळ्या वाटल्या जात. वाटा सारखा असला, तरी आवडी सारख्या नव्हत्या. सिगारेट न ओढणाऱ्याने आपल्या वाट्याच्या सिगारेटी मित्राला देऊन त्याचे चॉकलेट घ्यावे, येथून देवघेवीला आरंभ झाला. इटलीतील तळावर शीख सैनिकही होते. गोमांस त्यांना नको असे. म्हणून आरंभी ते गोमांसाच्या डब्याच्या बदल्यात जो मिळेल तो दुसरा पदार्थ घेत. काही दिवसांत त्यांना भावांची जाणीव झाली आणि ते जॅम व मार्गारीन यांचाच आग्रह धरू लागले.

या पहिल्या दिवसांत एका पाद्र्याची कथा तळावर सांगितली जात असे. तो चीजचा एक डबा व पाच सिगारेटी घेऊन फेरफटका मारावयास निघाला आणि परत आला, तेव्हा त्याच्यापाशी त्याचा डबा व सिगारेटी तर होत्याच, शिवाय एक संपूर्ण पार्सल जमले होते. यात कोणतीही फसवणूक असण्याचे कारण नाही. समजा, एका दालनात चीजच्या डब्याला चॉकलेटच्या दोन वड्या मिळतात आणि दुसऱ्या दालनात एकाच वडीला चीजचा डबा मिळतो. तर फिरणाऱ्या माणसाने पहिल्या ठिकाणी डबा देऊन दोन वड्या घ्याव्यात, दुसऱ्या ठिकाणी एक वडी देऊन डबा परत मिळवावा आणि उरलेली वडी नफा म्हणून ठेवावी. भावांची संख्या फार असून ते कोणालाच एकत्र दिसत नाहीत, तेथे असा नफा होतोच. उर्दू जाणणारा एक इंग्रज शिखांकडून गोमांस घेऊन त्यांना लोणी व जॅम विकत असे. त्याचा व्यवहार इतरांना कळला तसे आणखी लोक त्यात शिरले आणि दोन्हीकडचे भाव एकमेकांच्या जवळ आले. भाषेची अडचण मात्र संपली नाही. म्हणून शिखांशी ओळख असणे शेवटपर्यंत फायद्याचे राहिले.

हळूहळू सर्व भाव सिगारेटींत सांगितले जाऊ लागले. आरंभी माणसे दालनादालनांतून ‘सात सिगारेटींना चीज’ अशा आरोळ्या देत फिरत. पुढे प्रत्येक दालनात एक फलक लागला. त्यावर विकावयाची वस्तू, मागितलेली किंमत आणि विकणाऱ्याचे नाव लिहिले जाई. सौदा पुरा झाला, की ती ओळ खोडून टाकीत. त्या फलकामुळे सर्वांना सर्व भाव दिसू लागले आणि पाद्र्याच्या फेरफटक्यातील नफा संपला. यात पैशाची पहिली दोन कार्ये स्पष्ट दिसतात. चीज विकणाऱ्याला स्वतः सिगारेट ओढावयाची नसली, तरी तो सिगारेटी घेई, कारण उद्या जॅमवाला त्या घेईल, अशी त्याची खात्री होती. हे विनिमयाचे साधन झाले. आणि ज्याने सिगारेटीला हातही लावला नाही, तोदेखील आपले लोणी व दुसऱ्याचा जॅम यांची तुलना सिगारेटींच्या आकड्यांत करी. हे मूल्याचे माप झाले.

हा मान सिगारेटीलाच का मिळाला? जॅमचा डबा फोडला, की त्याची किंमत उतरे; पाव शिळा होई. सिगारेट एकसारखी होती, बऱ्यापैकी टिकत होती, लहान सौद्यासाठी सुटी देता येत होती आणि मोठ्या सौद्यासाठी पाकिटे मोजता येत होती. शिवाय तिची इच्छा इतक्यांना होती की, ती कोणी नाकारील अशी भीती नव्हती. कोणत्याही अधिकाऱ्याने हुकूम काढून तिला चलन ठरविलेले नव्हते.

पैशाचे चौथे कार्य, म्हणजे पुढच्या देण्याचे परिमाण, तेही छावणीत दिसले. काकवीचा एक वाटा फलकावर ‘आता चार सिगारेटी किंवा पुढल्या आठवड्यात पाच’ अशा अटीवर लागलेला असे. आठवडाभर थांबण्याची किंमत एक सिगारेट, म्हणजे व्याज पंचवीस टक्के. पैसा नसता, तर हा सौदा कसा झाला असता? ‘पुढल्या आठवड्यात अर्धा डबा जॅम देईन’ असे वचन मिळाले असते. पण पुढल्या आठवड्यात विकणाऱ्याला जॅम हवा असेलच असे नाही. उधारी म्हणजे आजच्या गरजेची उद्याच्या गरजेशी गाठ घालणे. सर्वांना मान्य असे एक माप असल्यावाचून ती गाठ बसत नाही.

आता जे सिगारेटीने नीट पार पाडले नाही, त्या तिसऱ्या कार्याकडे वळावयास हवे. मूल्य साठविण्याचे साधन व्हावयाचे, तर साठविलेली वस्तू उद्याही तितकीच किंमत राखील, अशी खात्री पाहिजे. सिगारेट ही चलन होती, तशी ओढण्याची वस्तूही होती. रेडक्रॉसकडून नव्या सिगारेटी येत, तेव्हा चलन वाढे आणि वस्तूंचे भाव चढत. पुढचा पुरवठा येईपर्यंत सिगारेटी रोज थोड्याथोड्या जळून जात, चलन आटे आणि भाव उतरत. रात्री जोराचे हवाई हल्ले झाले, की भीतीने व जागरणाने सिगारेटी अधिक ओढल्या जात आणि भाव आणखी खाली येत. पावाचा तुकडा किंवा चीजचा डबा होता तोच होता. बदलले होते ते मापच. अशा वेळी स्वस्ताईच्या दिवसांत सिगारेट उधार घेतलेल्या माणसाला नवा पुरवठा आल्यावर ती सहज फेडता येई. महागाईत घेणाऱ्याला मात्र चलन आटल्यावर आपले देणे जड जाई. माप आखडले किंवा सैल झाले, की धनको व ऋणको यांच्यापैकी एकाचे न कळत नुकसान होते. वस्तूंचा भाव हलला की चलनाचा, हे ओळखण्याची खूणही येथेच मिळते. एकट्या जॅमचा भाव चढला, तर कारण जॅममध्ये शोधावे. सर्वच भाव एकदम चढले किंवा उतरले, तर चलनाकडे पाहावे.

चलनाचा आणखी एक जुना नियम छावणीत आपोआप प्रकट झाला. काही जातींच्या सिगारेटी ओढण्यास अधिक चांगल्या समजल्या जात. पण देण्याघेण्यात सिगारेट म्हणजे एक सिगारेट. साहजिकच चांगली सिगारेट माणसे स्वतः ओढीत आणि हलकी बाजारात पाठवीत. काही जण तर सिगारेट बोटांत हलकेच फिरवून तिच्यातील थोडी तंबाखू झाडून घेत. जुन्या काळी सोन्याच्या नाण्यांच्या कडा कातरणारे लोक हेच करीत असत. हलके चलन चांगल्या चलनाला बाजारातून हुसकून लावते, हा ग्रेशमचा नियम म्हणून ओळखला जाणारा सिद्धांत कैद्यांना कोणी शिकविला नव्हता.

सिगारेटीच्या या दोषांवर उपाय म्हणून छावणीत कागदी चलनही निघाले. कैद्यांनीच चालविलेल्या एका उपाहारगृहाने व दुकानाने नोटा काढल्या. नोट एका सिगारेटीच्या बरोबरीची असे आणि दुकानात साठविलेले अन्न हे तिचे तारण होते. कागद कोणी ओढीत नाही. म्हणून हे चलन जळून जाण्याचा धोका नव्हता. अन्न व सिगारेटी मुबलक होत्या, तोपर्यंत योजना चांगली चालली. १९४४ च्या ऑगस्टमध्ये पार्सले व सिगारेटी दोन्ही निम्म्यावर आल्या. त्यानंतर नोटेचा भाव सिगारेटीच्या चारपंचमांशावर उतरला आणि पुढे आणखी घसरला. नोट देऊन सिगारेट मिळेना, लोकांना हवे असलेले पदार्थही मिळेनात. तेव्हा उपाहारगृहाबाहेर ती कोणी घेईना. तारण कागदावर पुरेसे होते, पण तेवढ्याने नोट टिकली नाही. जे हवे ते तिच्या बदल्यात मिळते, हा विश्वास गेला, की तारणाचा उपयोग मर्यादित असतो. नोट गेली आणि सिगारेट पुन्हा आपल्या जागी आली. १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्याने छावणी मुक्त केली, तेव्हा हा सारा बाजार संपुष्टात आला.

भारतातील रुपयाच्या नोटेकडे या दृष्टीने पाहिले, तर तिचे बळ कोठे आहे ते कळते. तिच्या बदल्यात रिझर्व्ह बँक सोने किंवा चांदी देत नाही. कायद्याने ती देणे फेडण्यास ग्राह्य ठरविलेली आहे, सरकार कर तिच्यात स्वीकारते आणि मुंबईचा दुकानदार व कोलकात्याचा घाऊक व्यापारी ती दुसरा घेईल या खात्रीने घेतात. परस्परांचे नाव न जाणणाऱ्या दोन माणसांमध्ये ती बलुतेदारीतील ओळखीचे काम करते. परंतु ती न जळणारी असली, तरी तिचे माप अचल नाही. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात बदल झाला आणि त्याप्रमाणे वर्षाला ४ टक्के महागाई हे लक्ष्य ठरविण्यात आले. त्याच्या खाली-वर २ टक्क्यांची मुभा ठेवली गेली. ४ टक्के ही वाढ अल्प वाटते, पण ती सतत राहिली, तर सुमारे १८ वर्षांत भाव दुप्पट होतात. पेटीत जपून ठेवलेल्या १०० रुपयांत तेव्हा आजच्या ५० रुपयांचाच माल येईल. रोजच्या खरेदीसाठी रुपया उत्तम साधन आहे. दीर्घकाळ मूल्य साठविण्यास मात्र नुसती नोट अपुरी पडते. म्हणूनच व्याज देणाऱ्या ठेवी लागतात.

महागाई बेसुमार झाली, तर पैशाची कार्ये एकदम सर्व नाहीशी होत नाहीत. ती एका क्रमाने गळतात. प्रथम लोक पैसा साठविणे सोडतात आणि हाती येताच त्याची वस्तू करतात. नंतर भाव दुसऱ्याच मापात सांगितले जाऊ लागतात. १९२३ च्या जर्मनीत नोटा मार्कांच्या असूनही कित्येक व्यवहारांचा हिशोब डॉलरमध्ये होत असे. सर्वांत शेवटी रोजच्या खरेदीतही तो पैसा कोणी घेत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच जर्मनीत जुन्या मार्काची ही अवस्था झाली आणि १९४८ च्या जूनमध्ये पश्चिम जर्मनीत नवे चलन येईपर्यंत काळ्या बाजारात अमेरिकन सिगारेट हेच नाणे ठरले. छावणीत जे हजाराहून अधिक कैद्यांनी केले होते, तेच एका संपूर्ण देशाने केले. चलनाच्या प्रकृतीची परीक्षा यामुळे सोपी होते: लोक ते साठवितात का, भाव त्यात सांगतात का, आणि अनोळखी माणसाकडून ते बिनदिक्कत घेतात का, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. पहिल्याचे उत्तर नकारार्थी येऊ लागले, की उरलेल्या दोहोंकडे लक्ष ठेवण्याची वेळ आलेली असते.